गाढ झोप नव्हती ती: कोडीनचं खोकल्याचं औषध आणि एका रात्रीचा हिशेब

माझा मुलगा चार वर्षांचा, वजन 15 किलो. गेल्या महिन्यात त्याला रात्रीचा कोरडा खोकला लागला. घरात सासऱ्यांसाठी आणलेली खोकल्याची बाटली होती. मापाचं टोपण हरवलं होतं म्हणून घरातल्या चमच्याने रात्री नऊला एक चमचा दिलं. दोनच्या सुमारास परत ढास लागली, तेव्हा आणखी एक. सकाळी सातला तो उठेना. हलवलं की डोळे किलकिले करायचा आणि पुन्हा मान टाकायचा. ओठ निळसर दिसत होते. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, एक इंजेक्शन दिलं आणि दोन-तीन मिनिटांत तो रडायला लागला. बाटलीत कोडीन होतं हे तिथे कळलं. आता तो ठणठणीत आहे. पण हेच औषध दोन वर्षांपूर्वी मोठ्या मुलीला दिलं होतं, ती तेव्हा पाच वर्षांची होती. तिला काही झालं नाही. मग यालाच का? ही अ‍ॅलर्जी आहे का? डॉक्टर म्हणाले, काहींच्या शरीरात हे औषध फार वेगाने बदलतं. त्याची तपासणी करून घ्यावी का? तो झोपेत घोरतो, त्याचा काही संबंध असेल का?
— सौ. स. क., इचलकरंजी

ताई,

अ‍ॅलर्जी हा शब्द आधी डोक्यातून काढून टाका. अ‍ॅलर्जीत अंगावर गांधी उठतात, ओठ-पापण्या सुजतात, घशातून शिट्टीसारखा आवाज येतो. तुमच्या मुलाला यातलं काही झालं नाही. ज्या इंजेक्शनने तो दोन-तीन मिनिटांत रडायला लागला ते बहुधा नॅलोक्झोन असावं. हे औषध अफूच्या कुळातल्या औषधांचाच असर उतरवतं, दुसऱ्या कशावर त्याचा उपयोग नाही. त्यामुळे त्याचं ते रडणं हाच निदानाचा पुरावा होता: त्याच्या मेंदूवर मॉर्फीन बसलं होतं आणि ते बाजूला केल्याबरोबर तो जागा झाला.

तुम्ही तर कोडीन दिलं होतं, मग मॉर्फीन आलं कुठून? तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं यातच आहेत.

कोडीन स्वतः फारसं काही करत नाही. ते पोटातून यकृतात जातं आणि तिथे त्याचा एक छोटा भाग, सर्वसाधारण माणसात शेकडा पाच ते दहा, मॉर्फीनमध्ये बदलतो. वेदना कमी होणं, ढास दबणं, गुंगी येणं आणि श्वास मंदावणं हे सगळं मुख्यतः त्या मॉर्फीनचं काम. हा बदल यकृतातलं एक एन्झाइम घडवून आणतं, त्याचं नाव सीवायपी2डी6. हे एन्झाइम बनवण्याचा जीन आपल्याला आईकडून एक आणि वडिलांकडून एक असा मिळतो. काही जणांत तो मोडका असतो, मग कोडीन घेऊनही मॉर्फीन जवळजवळ बनतच नाही. अशी माणसं सांगतात, ‘मला त्या औषधाने काडीचाही फरक पडत नाही.’ काही जणांत याच्या उलट असतं. त्यांच्यात तो जीन दोनदा-तीनदा छापला गेलेला असतो, एका हाताचं काम तीन हात करतात. यांना अतिवेगवान म्हणू. भारतीयांत अशी माणसं कमी, शंभरात दोनेकच्या आसपास सापडतात. इथिओपियातल्या एका अभ्यासात मात्र शंभरातली 29 माणसं अशी निघाली होती.

डॉक्टर जे म्हणाले ते हेच. पण इथे थोडं थांबा. अतिवेगवान म्हटलं की दहापट, वीसपट मॉर्फीन बनत असेल असं आपण धरून चालतो. जर्मनीतल्या संशोधकांनी 2007 मध्ये निरोगी प्रौढांना 30 मिलिग्रॅम कोडीन देऊन त्यांच्या रक्तातलं मॉर्फीन मोजलं. अतिवेगवान गटात ते सर्वसाधारण गटाच्या सरासरी दीडपट भरलं. दीडपटच. तरीही अतिवेगवान 11 जणांपैकी 10 जणांना गुंगी जाणवली आणि सर्वसाधारण 12 जणांपैकी सहाच जणांना. म्हणजे फरक खरा आहे, जाणवण्याइतका आहे, पण धडधाकट मोठ्या माणसाला एका डोसात लोळवण्याइतका नाही. मुलाचा जीव धोक्यात येतो तेव्हा सहसा एकावर एक गोष्टी येऊन बसलेल्या असतात, आणि वेगवान जीन ही त्यांतली एक. तुमच्या घरी त्या रात्री काय काय जमून आलं होतं ते पाहू.

सुरुवात चमच्यापासून करते. घरात तो चमचा असेल तर एक करा. औषधाची सिरिंज घ्या, पाच मिली पाणी मोजून त्या चमच्यात ओता. घरच्या पुष्कळ चमच्यांत त्यानंतरही जागा उरते. चमचा आठ मिलीचा निघाला असं धरू. या जातीच्या बाटल्यांवर बहुतेक वेळा पाच मिलीत कोडीन फॉस्फेट 10 मिलिग्रॅम आणि क्लोरफेनिरामिन मॅलिएट चार मिलिग्रॅम असं लिहिलेलं असतं. म्हणजे एका चमच्यात 16 मिलिग्रॅम कोडीन गेलं. मुलाचं वजन 15 किलो, म्हणजे किलोमागे एक मिलिग्रॅमपेक्षा थोडं जास्त. पूर्वीच्या पुस्तकांत मुलांसाठी किलोमागे अर्धा ते एक मिलिग्रॅम अशी मात्रा लिहिलेली असायची. मुद्दाम सांगते, कारण तुम्ही स्वतःला फार बोल लावत असाल: त्या जुन्या हिशेबाने तुम्ही एका वेळी जेमतेम मर्यादेच्या वर होतात, कुठल्या कुठे गेला नव्हतात. मर्यादेच्या इतक्या जवळ राहूनही मुलाची ही अवस्था झाली, म्हणूनच ती मात्रा पुस्तकांतून गेली.

आता दुसरा घटक पाहा, त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. क्लोरफेनिरामिन हे सर्दीचं जुनं औषध, गुंगी आणणारं. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला ते एका वेळी एक मिलिग्रॅम देतात आणि दिवसभरात सहाच्या वर जाऊ देत नाहीत. तुमच्या मुलाला एका चमच्यात सहाहून जास्त आणि पाच तासांत जवळपास 13 मिलिग्रॅम मिळालं. बाटली मोठ्या माणसाच्या हिशेबाने बनलेली होती, त्यामुळे तिच्या अर्ध्या चमच्यातही हे औषध मुलासाठी जास्तच झालं असतं. नॅलोक्झोन याला उतरवत नाही. त्यामुळे शुद्धीवर आल्यावरही तो दिवसभर थोडा पेंगला असेल तर त्याचं कारण हे.

मग दोन वाजताचा चमचा. कोडीन साधारण तीन तासांत निम्मं होतं. म्हणजे दोन वाजता पहिल्या चमच्यातला तिसरा हिस्सा अजून अंगात होता आणि त्यावर नवा आला. क्लोरफेनिरामिन तर त्याहून कितीतरी जास्त वेळ टिकतं, पहिल्या चमच्यातलं बरंचसं जागच्या जागीच होतं. दुसऱ्या चमच्याचा जोर तीन-साडेतीनला चढला असणार, जेव्हा सगळं घर झोपलेलं असतं आणि मूल शांत पडलं आहे याचं सगळ्यांना बरंच वाटतं.

आता घोरण्याकडे येते, कारण ताई, तुम्ही शेवटी विचारलेला प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

रक्तात कार्बन डायऑक्साइड साठायला लागला की मेंदू हुकूम सोडतो, ‘श्वास घे.’ मॉर्फीन हा हुकूम दबका करतं. मोठ्या माणसाच्या फुफ्फुसांत प्राणवायूचा थोडा तरी साठा असतो. लहान मुलाचा साठा छोटा, आणि वजनाच्या मानाने त्याला प्राणवायू मोठ्यांच्या जवळजवळ दुप्पट लागतो. त्यामुळे श्वास थोडाही मंदावला तरी ओठ निळे व्हायला वेळ लागत नाही. शिवाय श्वासाची वाट अरुंद. चार वर्षांच्या वयात टॉन्सिल आणि नाकामागचे अ‍ॅडिनॉइड त्या वाटेच्या मानाने सगळ्यात फुगलेले असतात. जागेपणी घशाचे स्नायू ती वाट ताणून उघडी धरतात. झोपेत ते सैल पडतात आणि मूल घोरतं. काहींचा श्वास तेवढ्यात काही सेकंद अडतो, मग मूल दचकून, हुंदका दिल्यासारखा श्वास घेतं आणि कूस बदलतं. ते दचकणं म्हणजे मुलाचा स्वतःचा बचाव आहे. गुंगीचं औषध नेमका तोच बचाव काढून घेतं.

आणखी एक आहे. ज्या मुलांचा प्राणवायू रात्री वरचेवर घसरतो त्यांचा मेंदू मॉर्फीनला जास्त हळवा होतो. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर अशा मुलांना वेदना थांबवायला इतर मुलांच्या साधारण निम्मं मॉर्फीन पुरलं, असं अभ्यासात दिसलं आहे. वेदनेला निम्मं पुरतं, तसं श्वास दाबायलाही निम्मं पुरतं. तेव्हा हो, घोरण्याचा संबंध आहे, आणि माझ्या मते त्या रात्री जीनपेक्षा त्याचा वाटा मोठा असू शकतो.

हे सगळं एकत्र येऊन काय होतं ते जगाला कळलं कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातल्या एका मुलामुळे. 2009 मध्ये त्याची हकीकत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आली. वय दोन वर्षं, वजन 13 किलो, एरवी निरोगी, पण घोरणारा, झोपेत श्वास अडतो हे तपासणीत सिद्ध झालेलं. त्यासाठीच टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड काढले. ऑपरेशन सुरळीत झालं, सहा तासांनी त्याला घरी सोडलं. दुखेल तसं दर चार ते सहा तासांनी कोडीन 10 ते 12.5 मिलिग्रॅम, सोबत पॅरासिटामॉल, असं लिहून दिलं. दुसऱ्या रात्री त्याला ताप आला, छाती वाजू लागली. सकाळी नऊला पाहिलं तेव्हा मूल गेलेलं होतं. त्याच्या रक्तात मॉर्फीन मिलिलिटरमागे 32 नॅनोग्रॅम भरलं. एवढं मॉर्फीन लहान मुलाचा श्वास दाबायला पुरतं. जीन तपासला तर तो दुहेरी निघाला, मुलगा अतिवेगवान होता. आईने औषध सांगितल्याप्रमाणेच दिलं होतं. त्याचं वजन आणि मात्रा तुमच्या मुलाच्या शेजारी ठेवून पाहा, फार अंतर नाही.

तीन वर्षांनी आणखी तीन मुलांच्या हकीकती आल्या, सगळी टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर कोडीन घेतलेली. दोघं गेली, एक मुलगी वाचली. त्या वाचलेल्या मुलीचा जीन मात्र अतिवेगवान नव्हता, चारचौघांसारखाच होता. श्वासाची वाट अरुंद असेल, मेंदू हळवा झाला असेल आणि डोस साठत गेले असतील, तर साधा जीनही पुरे होतो.

यानंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, एफडीएने, मागचे अहवाल चाळले. 1969 ते 2015 या काळात कोडीनमुळे 18 वर्षांखालच्या मुलांचा श्वास गंभीर मंदावल्याच्या 64 नोंदी सापडल्या, त्यांत 24 मृत्यू. जवळपास पन्नास वर्षांत 24 हा आकडा छोटा वाटेल, पण या आपणहून कळवलेल्या नोंदी असतात, आणि रात्री झोपेत गेलेल्या मुलाच्या बाबतीत खोकल्याच्या औषधाचा संशय कितींना आला असेल? 2013 मध्ये टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर मुलांना कोडीन देण्यास तिथे मनाई झाली. एप्रिल 2017 मध्ये 12 वर्षांखालच्या मुलांना ते कुठल्याही कारणासाठी, खोकल्यासाठीसुद्धा, देऊ नये असं ठरलं, आणि जानेवारी 2018 मध्ये कोडीनची खोकल्याची औषधं 18 वर्षांखाली वापरायचीच नाहीत असं झालं. युरोपनेही 2015 मध्ये 12 वर्षांखाली खोकल्यासाठी कोडीन बंद केलं. आपल्याकडे केंद्र सरकारने जून 2023 मध्ये 14 मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यांत क्लोरफेनिरामिन आणि कोडीनचं हे सिरप आहे. पण बंदी येऊन कपाटातल्या बाटल्या आपोआप फेकल्या जात नाहीत. तुमची बाटली बंदीच्या आधीची आहे का ते तारखेवरून पाहा. कोडीन दुसऱ्या औषधांसोबतही मिळतं, त्यामुळे नावावर न जाता घटक वाचायचे. इंग्रजीत सी, ओ, डी, ई, आय, एन, ई ही अक्षरं शोधायची. लेबलच्या कोपऱ्यात लाल रंगात एनआरएक्स असं छापलेलं असेल तर ते अमली पदार्थांच्या कायद्याखालचं औषध आहे, हेही लक्षात ठेवा.

(मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे 2025 मध्ये खोकल्याच्या औषधाने मुलं दगावली आणि त्यांतल्या काहींवर नागपुरात उपचार झाले, ते प्रकरण निराळं. तिथे औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारं विष मिसळलं गेलं होतं. तुमच्या बाटलीत भेसळ नव्हती. लेबलवर जे लिहिलं होतं तेच आत होतं.)

मुलीचं काय, असं तुम्ही विचारता. भावंडांना आई-वडिलांकडून एकेकच प्रत मिळते आणि कोणाला कुठली मिळेल हे प्रत्येक वेळी नव्याने ठरतं. तुमच्यापैकी एकाकडे दुहेरी प्रत असेल तर ती मुलाला मिळाली आणि मुलीला नाही, असं सहज होऊ शकतं. पण मला जास्त शक्यता वाटते ती साध्या गोष्टींची: ती एक वर्षाने मोठी होती, वजनाने जास्त असेल, घोरत नसेल, टोपण हरवलेलं नसेल, रात्रीत एकच डोस गेला असेल. मागच्या वेळी काही झालं नाही हे वाक्य मी दवाखान्यात रोज ऐकते. त्या दिवशी सर्दीने नाक चोंदलेलं होतं का, सोबत दुसरं कुठलं औषध चालू होतं का, हे दर वेळी वेगळं असतं. मुलीलाही पुन्हा देऊ नका.

तपासणी करता येते. मोठ्या शहरांतल्या काही जेनेटिक लॅब रक्तावरून किंवा लाळेवरून सीवायपी2डी6 तपासून देतात. करायचीच ठरवली तर एक गोष्ट आधी विचारा: जीनच्या प्रती मोजणार का? स्वस्तातल्या काही चाचण्या फक्त मोडके जीन शोधतात. प्रती मोजल्याच नाहीत तर तीन प्रती असलेलं मूलही ‘नॉर्मल’ म्हणून घरी येतं. पण माझं प्रामाणिक मत विचाराल तर आत्ता त्यावर पैसे घालू नका. अहवाल काहीही आला तरी मुलाला कोडीन द्यायचं नाहीच, मग त्या अहवालाने तुमचं काय बदलणार? उलट ‘नॉर्मल’ आला तर घरात कोणीतरी म्हणेल, मग चालेल की. त्या वाचलेल्या मुलीचा जीन आठवा.

तेच पैसे आणि तीच धावपळ घोरण्यासाठी करा. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाताना मोबाइलवर पाच मिनिटांचा व्हिडिओ घेऊन जा. मूल झोपल्यावर तासाभराने, छाती आणि चेहरा दिसेल असा, आवाजासह. छाती आत ओढली जाते का, श्वास थांबून मग हुंदका येतो का, तोंड उघडं राहतं का, हे त्यात दिसतं. दवाखान्यात जागं बसलेलं मूल यातलं काहीच दाखवत नाही. गरज वाटली तर ते झोपेची तपासणी सांगतील. ऑपरेशनची वेळ आलीच तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना त्या रात्रीची गोष्ट आधी सांगायची, आणि नंतरच्या दुखण्यासाठी पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन यांवर भागवता येईल का ते विचारायचं. बहुतेक वेळा भागतं. ट्रॅमाडॉल हे दुसरं नाव लक्षात ठेवा. तेही याच एन्झाइमने जोरदार होतं आणि एफडीएने तेही 12 वर्षांखाली मना केलं आहे.

शिकाऊ डॉक्टर असतानाची एक रात्र माझ्या मनातून जात नाही. वॉर्डात तीन वर्षांची एक मुलगी होती, खोकल्याने दोन रात्री जागलेली. गुंगीचं औषध दिल्यावर ती झोपली. मी पहाटे कागदावर लिहिलं, ‘शांत झोपली आहे, तक्रार नाही.’ मी तिला हलवून पाहिलं नव्हतं. अर्ध्या तासाने सिस्टरने तिचा पाय दाबला, ती हलली नाही. तिचे श्वास मोजले तेव्हा मिनिटाला नऊ भरले. ती वाचली, पण माझ्यामुळे नाही. तेव्हापासून गुंगीचं औषध घेतलेल्या मुलाबद्दल ‘झोपली आहे’ असं मी डोळ्यांनी पाहून लिहीत नाही, हात लावून लिहिते.

झोप आणि गुंगी यांतला फरक हाताला कळतो. झोपलेल्या मुलाच्या तळपायाला बोटाने खरवडलं की ते पाय ओढून घेतं, तोंड वाकडं करतं, चिडतं. गुंगीतलं मूल पाय जड ठेवतं, हात उचलून सोडला तर तो धपकन पडतो. तुम्ही लिहिलंत तसं, डोळे किलकिले करून मान टाकणं, ही झोप नव्हे. श्वास पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजायचे, पोटावर हात ठेवून. चार वर्षांचं मूल झोपेतही मिनिटाला साधारण 20 च्या आसपास श्वास घेतं. पंधराच्या खाली गेले, मध्येच थांबू लागले, किंवा घोरण्याच्या जागी घशात पाणी असल्यासारखी घरघर सुरू झाली तर वेळ दवडायचा नाही. टॉर्च लावून बाहुल्या पाहिल्या आणि त्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसल्या तर ती अफूची खूण आहे. बाहुल्या तशा नसल्या तरी ओठ निळे असतील तर त्याची वाट पाहू नका.

अशा वेळी 108 ला फोन, मूल कुशीवर, हनुवटी थोडी वर. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही, कॉफी-दूध काही द्यायचं नाही, तोंडावर पाणी मारत बसायचं नाही. श्वास थांबलाच तर 108 वरचे लोक फोनवर सांगतील तसा तोंडाने श्वास द्यायला लागायचं. बाटली सोबत न्यायची. इंजेक्शनने मूल जागं झालं की लगेच घरी न्यायची घाई करू नये, कारण नॅलोक्झोन तास-दीड तासात उतरतं आणि कोडीन अजून अंगात असतं. तुमच्या मुलालाही त्यांनी काही तास ठेवून घेतलं असेल तर त्यासाठीच.

आता सासरेबुवांचं. बाटली त्यांची होती, म्हणून लिहिते. 2004 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाच्या डॉक्टरांनी 62 वर्षांच्या एका गृहस्थांची हकीकत प्रसिद्ध केली. न्यूमोनिया होता, खोकल्यासाठी कोडीन 25 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, म्हणजे अगदी नेहमीची मात्रा. चौथ्या दिवशी ते हाकेला ओ देईनासे झाले, नॅलोक्झोनने शुद्धीवर आले. त्यांच्यात तीन गोष्टी जुळल्या होत्या: जीन अतिवेगवान, मूत्रपिंड बिघडलेलं असल्याने मॉर्फीनचे अवशेष बाहेर पडेनात, आणि सोबत क्लॅरिथ्रोमायसिन नावाचं अँटिबायोटिक, जे कोडीनची दुसरी वाट बंद करून त्याला मॉर्फीनच्या वाटेवर ढकलतं. सासऱ्यांना दमा, किडनीचा त्रास किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर त्यांच्या डॉक्टरांशी या बाटलीबद्दल बोला. घरात कोणी अंगावर पाजणारी असेल तर तिनेही कोडीन घेऊ नये. मॉर्फीन दुधात उतरतं.

मुलाच्या खोकल्याला मग द्यायचं काय? सर्दीनंतरची ढास दोन-तीन आठवडे चालते आणि आपली आपण जाते. मुलांवर झालेल्या चाचणीत कोडीन साध्या गोड पाण्यापेक्षा सरस ठरलेलं नाही, म्हणजे धोका पत्करून हाती काही लागतही नाही. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला झोपताना चमचाभर मध, कोमट पाणी, चोंदलेल्या नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब. ताप, धाप, छाती आत ओढली जाणं किंवा चार आठवड्यांपुढे खोकला असं असेल तर तपासायला न्यायचं, त्यामागे दमा किंवा दुसरं काही असू शकतं.

उरलेलं औषध मोरीत ओतू नका. चहाच्या चोथ्यात किंवा मातीत कालवा, पिशवीत घट्ट बांधा आणि कचऱ्यात टाका. बाटलीवरचं लेबल आधी मोबाइलवर टिपून ठेवा. मग मुलाच्या लसीकरणाच्या कार्डावर, पहिल्याच पानावर, लाल पेनाने लिहा: ‘कोडीनने श्वास मंदावला होता, नॅलोक्झोन द्यावं लागलं. कोडीन आणि ट्रॅमाडॉल देऊ नये. झोपेत घोरतो.’ तारीख घाला आणि दवाखान्याचा डिस्चार्जचा कागद त्याच कार्डाला पिन मारून ठेवा.